कार्यपद्धती लिहिताना क्रियापदं एका काळात ठेवा

निपाणी भागातल्या तंबाखूच्या शेतातल्या मातीचा सामू मोजला, आणि प्रबंधात लिहिलं: ‘माती सावलीत वाळवावी. नंतर आम्ही ती चाळतो. 10 ग्रॅम मातीत 25 मिली ऊर्ध्वपातित पाणी मिसळले गेले.’ यातलं ‘वाळवावी’ थेट प्रयोगवहीतून उतरलेलं असतं. ती सूचना झाली. माती खरंच वाळवली का, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘चाळतो’ वाचून ही नेहमीची सवय वाटते.

जे केलं ते भूतकाळात, कर्मणी प्रयोगात लिहा: ‘माती सावलीत वाळवून 2 मिमीच्या चाळणीतून चाळली. तिच्यातील 10 ग्रॅम मातीत 25 मिली ऊर्ध्वपातित पाणी मिसळले. मिश्रण अधूनमधून ढवळत 30 मिनिटे ठेवले आणि मग सामू मोजला.’ मराठीत असा कर्ता आपोआप गळतो, म्हणून ‘गेले’, ‘करण्यात आले’ ही शेपटं मला अनावश्यकच वाटतात. मात्र नमुने शेतकऱ्यांनी स्वतः आणून दिले असतील, तर कर्ता लिहायलाच हवा.

क्रम ‘-ऊन’ सांभाळतो: ‘वाळवून चाळली’ आणि ‘चाळून वाळवली’ या दोन वेगळ्या कृती आहेत. पण एका वाक्यात चार ‘-ऊन’ आले, तर ते तोडा.

वर्तमानकाळ कायमच्या गोष्टींपुरता: ‘निपाणी बेळगाव जिल्ह्यात आहे.’

तपासताना फक्त वाक्याअखेरची क्रियापदं ओळीने वाचा. ‘चाळली, मिसळले, ठेवले, मोजला’ यांत मध्येच ‘मोजावा’ आला, तर लगेच खटकतो.