नव्या रूममेटसाठी: पाणी, पाहुणे आणि झोपेच्या वेळा

येताना अंथरुणासोबत स्वतःची २० लिटरची बादली, मग आणि पिण्याच्या पाण्यासाठी झाकणाची एक घागर आण. भांडी, गॅस, मिक्सर घरात आहेच. बादलीचं नाव आधी घेतलं, कारण सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी एकदा सुटतं, आणि घरातली कामं, पाहुणे, शांततेच्या वेळा या सगळ्याचं वेळापत्रक त्या दिवसावरून ठरतं.

हिशेब एकदा समजून घे, म्हणजे नियम जाचक वाटणार नाहीत. गच्चीवरची आपली टाकी १००० लिटरची आहे. पाच दिवस पुरवायची तर दिवसाला २०० लिटर, तिघांत माणशी साधारण ६५. अंघोळीला एक बादली, संडासाला दीड बादली आणि राहिलेलं पाणी भांडी-स्वयंपाकाला, एवढ्यात नीट भागतं. शॉवरखाली पाच मिनिटं उभं राहिलं तरी दोन-अडीच बादल्या जातात, म्हणून शॉवर आणि वॉशिंग मशीन फक्त पाण्याच्या दिवशी. मशीनचं शेवटच्या खळबळीचं पाणी बादलीत धर, फरशी पुसायला किंवा संडासात टाकायला चालतं.

पाणी भरायची पाळी आळीपाळीने येईल. नळाचं पाणी अंगणातल्या हौदात पडतं आणि तिथून मोटारीने वर चढवायचं. नळाच्या लाइनला थेट मोटार कधीही लावायची नाही, पुढच्या घरांचं पाणी तुटतं आणि कारवाईही होते. आधी पिण्याच्या घागरी भरून घे. हौद निम्मा झाला की मोटार चालू कर आणि दोन मिनिटांत गच्चीवर धार पडल्याचा आवाज येतो का ते ऐक. धार नसेल आणि मोटारीचा आवाज नेहमीपेक्षा हलका येत असेल तर पाइपात हवा धरली आहे. लगेच बंद कर, पंपाच्या तोंडाशी असलेला बूच उघडून काठोकाठ पाणी ओत, बूच घट्ट लाव आणि पुन्हा चालू कर. कोरडी चालत राहिली तर आतलं सील जळतं. दर वेळी पाणी ओतावं लागू लागलं, तर हौदातल्या पाइपाच्या टोकाची झडप गळते असं समज आणि घरमालक काकांना सांग. टाकी भरली की मोटार बंद. हौदात उरतं ते काकांच्या घरचं.

साठवलेल्या पाण्यात डास होतात, आणि डेंगीच्या डासाला स्वच्छ पाणीच लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीला चिकटतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. दर रविवारी बादल्या, पिंप आणि उन्हाळ्यात कूलरची टाकी रिकामी करून काथ्याने घासायची, मग वाळू द्यायची. हे काम पाळीचं नाही, तिघांनी मिळून करायचं. झाडू आणि ओटा ज्याच्या आठवड्यात येईल त्याचा. कचरा रात्रीच वेगळा करून दाराशी ठेव, सकाळी घंटागाडी थांबत नाही.

पाहुणे जरूर येऊ देत, फक्त मुक्कामी असतील तर दोन दिवस आधी ग्रुपवर सांग. कारण तेच, पाणी. समज, पाणी मंगळवारी येऊन गेलं आणि तुझा भाऊ गुरुवारी दोन रात्रींसाठी आला. त्याला १३० लिटर लागणार, म्हणजे पाचव्या दिवसाचं निम्म्याहून जास्त पाणी आधीच संपेल. तोच पाण्याच्या दिवशी आला तर त्याच्यापुरतं पिंपात जादा भरून ठेवता येतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सगळ्यांकडेच गावाकडची माणसं येतात, तेव्हा तारखा आपसांत आधी वाटून घेऊ. एका वेळी घरात दोनपेक्षा जास्त मुक्कामी नकोत. आई-वडील आले तर आतली खोली त्यांना, आपण हॉलमध्ये झोपू. यासाठी तुला विचारावंही लागणार नाही.

रात्री १० ते सकाळी ६ शांतता. टीव्ही बंद, गाणी हेडफोनवर, आणि फोनवर बोलायचं तर खोलीचं दार लावून. जिन्यात बोलू नकोस, तिथला आवाज घुमून खाली काकांच्या खोलीत जातो. खुर्ची ओढू नकोस, उचलून ठेव. घरात एकाची रात्रपाळी असते; त्या आठवड्यात दुपारी १ ते ५ मिक्सर आणि मशीन बंद. चटणी-वाटण सकाळी उरकून घे. याला अपवाद एकच: पाणी पहाटे ४ ला सुटलं तरी मोटार लावायचीच. तेवढ्या आवाजाने कुणी रागावणार नाही, आणि ज्याची पाळी आहे तो उठला नसेल तर त्याला बिनधास्त हलवून उठव.