हप्ते थांबवल्यानंतर बँकेचं पत्र आलं की सही करायच्या आधी काय काय तपासायचं

सगळ्यात आधी चार कागद एका जागी काढून ठेवा, जुनं सँक्शन लेटर, हप्ते थांबायच्या आधीच्या महिन्याचं लोन स्टेटमेंट, थांबलेल्या सगळ्या महिन्यांचं स्टेटमेंट, आणि बँकेने आता दिलेलं रिस्ट्रक्चरिंगचं, म्हणजे कर्जाचा हप्ता आणि मुदत नव्याने ठरवल्याचं पत्र, पण पत्रासोबत नवं शेड्यूल म्हणजे शेवटच्या हप्त्यापर्यंतचा पूर्ण तक्ता हवाच. नुसतं दोन पानी पत्र हातात देऊन "तक्ता नंतर मेल करतो" म्हणाले तर सही करू नका, कारण खरी गोष्ट तक्त्यातच असते. हे मी एवढं जोर देऊन सांगतोय कारण आमच्या भाऊजींच्या पत्रातली चूक तक्त्याच्या अगदी शेवटच्या ओळीत सापडली.

भाऊजींचा फ्लॅट मनीषनगरात, नोकरी बुटीबोरीला. कंपनीत काम थांबलं म्हणून बँकेकडे अर्ज करून जानेवारी ते जून 2025 असे सहा हप्ते थांबवून घेतले. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून आणि दर पूर्ण काळ 9 टक्के धरून सांगतो. बाकी कर्ज 20 लाख, 120 हप्ते उरलेले, हप्ता 25,335 आणि शेवटचा हप्ता डिसेंबर 2034 ला. पत्रात लिहिलं होतं की हप्ता तोच राहील आणि मुदत सहा महिन्यांनी वाढेल, म्हणजे जून 2035. ताई म्हणाली, सहा हप्ते थांबले, सहा वाढले, बरोबरच आहे ना! ऐकायला बरोबर वाटतं, पण तसं होऊच शकत नाही.

कारण हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. 20 लाखावर 9 टक्क्याने महिन्याचं व्याज 15,000 होतं, ते सहा महिने भरलं गेलं नाही, म्हणून जुलैमध्ये कर्ज 20 लाखाचं राहत नाही. म्हणून पहिलं काम हे करा की तक्त्याच्या पहिल्या ओळीतली सुरुवातीची बाकी बघा आणि ती स्वतः काढून बघा. व्याज दर महिन्याला मुद्दलात चढवलं असेल तर बाकी 20,91,704 येते, साधं व्याज धरून शेवटी एकदाच चढवलं असेल तर 20,90,000. फरक 1,704 चा, रक्कम मोठी नाही पण दोन्हीतली कोणती पद्धत लावली ते पत्रात स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. बँका रोजच्या बाकीवर व्याज मोजतात त्यामुळे शे-दोनशे रुपये इकडे तिकडे होतात, त्यावर भांडू नका, पण हजारांत फरक आला तर थांबा आणि स्टेटमेंटमध्ये त्या सहा महिन्यांत पीनल चार्ज, बाउन्स चार्ज असलं काही लागलंय का ते ओळ न ओळ बघा. बँकेनेच मंजूर केलेल्या सुट्टीत हप्ता भरला नाही म्हणजे तो थकला असं होत नाही, तरी सिस्टिममध्ये सुट्टीची नोंद उशिरा झाली तर पहिल्या महिन्याचा हप्ता थकीत दाखवून चार्ज लागू शकतो. तो लेखी अर्ज देऊन उलटवून घ्या. रिस्ट्रक्चरिंगची फी आणि त्यावरचा जीएसटी मुद्दलात घातलाय का हेही याच वेळी विचारा. आणि मधल्या काळात दर बदलला असेल तर ज्या महिन्याला जो दर तोच लावून मोजा.

बरेच लोक इथे कोरोनातल्या निकालाचा हवाला देतात की व्याजावर व्याज लावता येत नाही. तो सुप्रीम कोर्टाचा निकाल 23 मार्च 2021 चा, आणि तो 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2020 या मोरॅटोरियमपुरता, म्हणजे तेव्हाच्या हप्त्यांच्या सुट्टीपुरता होता. आत्ताच्या सुट्टीला तो आपोआप लागू होत नाही, इथे तुमच्या पत्रातल्या अटी चालतात, म्हणून त्या वाचणं भाग आहे.

आता मुदत. बाकी 20,91,704, हप्ता तोच 25,335, तर किती हप्ते लागतील हे एक्सेलमध्ये एका ओळीत निघतं:

```
=NPER(9%/12,-25335,2091704)
```

उत्तर 129.2 येतं, म्हणजे 129 पूर्ण आणि एक छोटा, असे 130 हप्ते, शेवटचा एप्रिल 2036 ला. सहा हप्ते थांबवले आणि कर्ज सोळा महिने लांबलं. मग पत्रातलं जून 2035 आलं कुठून? तक्ता शेवटपर्यंत उलटवला तर 120 व्या ओळीत हप्त्याच्या जागी अडीच लाखाचा आकडा. नेहमीचा हप्ता आणि वर न फिटलेली सुमारे 2 लाख 25 हजारांची बाकी, एकरकमी. पत्रात त्याचा एक शब्द नाही. भाऊजी डिसेंबर 2035 ला रिटायर होणार, त्यांनी जून 2035 वाचलं आणि निश्चिंत झाले होते, खरं म्हणजे त्या महिन्यात एवढी रक्कम उभी करावी लागली असती नाहीतर हप्ते रिटायरमेंटच्या पुढे गेले असते. म्हणून शेवटची ओळ आधी बघा. तिथे हप्ता नेहमीएवढा किंवा थोडा कमी असावा आणि शेवटची बाकी शून्य असावी. पहिली ओळही बघून घ्या, त्यात व्याज 15,688 आणि मुद्दल 9,647 यायला पाहिजे. व्याज अजून 15,000 च दिसत असेल तर तक्ता जुन्या बाकीवर बनलाय आणि ती सहा महिन्यांची रक्कम कुठेतरी वेगळी ठेवलेली आहे, ती कुठे ते विचारा.

पुढचं काम म्हणजे बँकेला दुसरा पर्याय लेखी मागणं. मुदत वाढवायची नाही, डिसेंबर 2034 च ठेवायची म्हटलं तर 114 हप्ते उरतात आणि हप्ता 27,361 होतो, महिन्याला साधारण 2,000 जास्त. पण एकूण बघा, हप्ता तोच ठेवून सोळा महिने लांबवलं तर आधीपेक्षा सुमारे 2 लाख 33 हजार जास्त जातात, आणि हप्ता वाढवला तर सुमारे 79 हजार. ज्याच्या घरात महिन्याचे 2,000 खरंच निघत नाहीत त्याने लांबवावं, त्यात काही चूक नाही, पण हे दोन आकडे समोर ठेवून ठरवावं, बँकेने मुकाट्याने ठरवू नये. भाऊजींनी हप्ता वाढवून घेतला.

ब्रांचमध्ये जाताना तक्त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीवर पेनाने खूण करून न्या, तोंडी बोलून येऊ नका, अर्जाच्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, फी लागत नाही, तेव्हा ही शिक्क्याची कॉपीच कामी येते.

आणि दोन गोष्टी ज्या पत्रात नसतात. लोनसोबत घेतलेला विमा जुन्या मुदतीपर्यंतच असतो, मुदत वाढली तर शेवटचे महिने उघडे पडतात, वाढवून मिळेल का ते विचारा. दुसरं ते खात्यातून हप्ता कापायचं नॅच मँडेट, त्याच्यावर जास्तीत जास्त रक्कम आणि शेवटची तारीख दोन्ही लिहिलेल्या असतात. भाऊजींच्या मँडेटची मर्यादा 26,000 होती, नवा हप्ता 27,361, म्हणजे पहिलाच हप्ता परत गेला असता. नवं मँडेट पत्रावर सही केली त्याच दिवशी भरून दिलं.