स्टायलिस्टच्या चाचणीचा दिवस: आधी करून ठेवायच्या गोष्टी

उमेदवाराला बोलावण्याआधी चाचणीचे काम ठरवावे आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच काम द्यावे. मी खांद्यापर्यंतच्या केसांचा, एका लांबीचा सरळ कट देते, कारण लेयर कटमध्ये झाकली जाणारी चूक या कटमध्ये रेषेवर स्पष्ट दिसते. एकाला दाट कुरळे केस आणि दुसऱ्याला विरळ सरळ केस मिळाले, तर मग तुलनेला अर्थ राहत नाही. म्हणून साधारण सारख्या दाटपणाच्या, सरळ केसांच्या मॉडेल आधीच ठरवाव्यात आणि हा चाचणीचा कट आहे, पैसे घेतले जाणार नाहीत व काही बिघडल्यास आपण स्वतः नीट करून देऊ, हे त्यांना स्पष्ट सांगावे. हेअर कलरची चाचणी त्याच दिवशी ठेवू नये. पॅच टेस्ट 48 तास आधी करावी लागते, त्यामुळे कलरबद्दल फक्त प्रश्न विचारावेत.

दिवस मंगळवार किंवा बुधवारचा, लग्नाची तिथी नसलेला निवडावा. त्या दिवसाची मजुरी आधीच सांगावी आणि निवड होवो वा न होवो, संध्याकाळी हातात द्यावी. उमेदवाराला पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांवर काम करायला लावून दिवस काढून घेणे ही चाचणी नव्हे, ती फुकटची राबवणूक आहे.

कातरी उमेदवाराने स्वतःची आणावी, कारण परक्या कातरीवर हात बसायला वेळ लागतो. डावखुऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तर ही अटच मानावी. केप, क्लिपा, बारीक व रुंद दातांचा कंगवा आणि पाण्याची स्प्रे बाटली मात्र सर्वांना सारखीच मांडून ठेवावी. या बाटलीकडे माझे विशेष लक्ष असते. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात, त्यातही पंख्याखाली, ओले केस कट पूर्ण होण्याआधीच सुकू लागतात. ओला केस ताणला जातो आणि सुकल्यावर आखडतो, त्यामुळे अर्धे डोके ओले आणि अर्धे सुके कापले गेले की दोन्ही बाजू वेगळ्या उतरतात. जाणता हात मध्येच थांबून पुन्हा पाणी मारतो आणि कानावरच्या केसांना बोटांचा ताण न देता नुसत्या कंगव्याने धरतो, कारण तिथले केस कानाच्या उंचवट्यामुळे वर उचलले जातात.

गुणपत्रिका आदल्या दिवशी लिहून काढावी. सेक्शन, ताण, दोन्ही बाजूंचा मेळ, स्वच्छता आणि मॉडेलशी वागणूक एवढे पाच रकाने पुरतात. प्रत्येकात 1 ते 4 गुण आणि 1 म्हणजे काय, 4 म्हणजे काय हे एकेका वाक्यात. गुण दोघांनी द्यावेत आणि एकमेकांशी बोलण्याआधी लिहावेत. मेळाचे गुण केस पूर्ण सुकवल्यावरच द्यावेत: मॉडेलला सरळ बसवून दोन्ही बाजूंची पुढची बट हनुवटीखाली आणून जुळवावी.

हा नियम मी एका चुकीतून शिकले. दोन मुली आल्या होत्या. पहिलीने पस्तीस मिनिटांत कट संपवला, बोलणेही गोड होते, आणि मी केस ओले असतानाच मेळाचे 4 गुण लिहून टाकले. सुकवल्यावर डावी बाजू सुमारे एक सेंटिमीटर लांब निघाली, त्यावर ती म्हणाली, "मॅडम, त्यांचे केसच तसे आहेत." दुसरीच्या घरी तेलुगू बोलतात, मराठी अडखळत येते, आणि तिला पंचावन्न मिनिटे लागली. तिच्याही कटमध्ये अर्ध्या सेंटिमीटरचा फरक होता, परंतु तो तिला स्वतःलाच आरशात दिसला, तिने मॉडेलला सांगितले आणि परवानगी घेऊन दुरुस्त केला. माझ्या सहकारी बाईंनी पहिलीला मेळाचे 2 गुण दिले होते; त्यांचे बरोबर होते. आम्ही दुसरीला घेतले. वेग काही महिन्यांच्या कामाने वाढतो, पण आपली चूक दुसऱ्याच्या केसांवर ढकलण्याची सवय सहसा सुटत नाही.

म्हणूनच मुलाखतीचे प्रश्न कट झाल्यानंतर ठेवावेत, सर्वांना त्याच क्रमाने विचारावेत आणि उमेदवाराला तेलुगू, कन्नड किंवा हिंदीत उत्तर द्यायचे असल्यास ती भाषा जाणणारे कोणी तरी बसवावे. मराठीचा सफाईदारपणा म्हणजे वागणुकीचा चांगुलपणा असा गैरसमज आपला सहज होतो. माझा मुख्य प्रश्न एकच असतो: आत्ताच्या कटमध्ये तुम्हाला काय बदलावेसे वाटते? जिला नेमकी जागा दाखवता येते, तिचे उत्तर शब्दशः टिपून ठेवावे. "सगळे छान झाले" असे उत्तर आले, तर एक संधी म्हणून आपल्याला दिसलेला दोष शांतपणे दाखवावा आणि पुढे ती कंगवा हातात घेते की कारण देते, हे पाहावे.

निवड न झालेल्या उमेदवाराला मजुरीबरोबर गुणपत्रिकेची प्रत द्यायची असते, म्हणून प्रती मोजून आणि पाकिटे नावानिशी तयार ठेवावीत.