गप्प झालेल्या वाचकांना लिहिलेले पत्र

आमच्या ग्रंथालयाच्या मासिक ईमेलचे अनेक सभासद वर्षभर एकाही दुव्यावर गेले नव्हते. त्यांना पाठवण्याच्या पत्राचा जुना मसुदा ‘तुमची फार आठवण येते!’ असा सुरू होऊन नव्या पुस्तकांच्या लांबलचक यादीत हरवत होता, आणि बाहेर पडण्याचा दुवा तळाशी बारीक अक्षरांत होता. अशा वेळी कंटाळलेला वाचक ‘स्पॅम’चे बटण दाबतो, आणि त्याचा फटका आवडीने वाचणाऱ्यांना जाणाऱ्या पत्रांनाही बसतो.

मी विषयओळ ‘आमचे पत्र पुढेही पाठवावे का?’ अशी केली आणि मजकूर एवढाच ठेवला: ‘गेले वर्षभर आपण आमच्या पत्रातील कोणताही दुवा उघडल्याचे दिसत नाही. कदाचित वेळ नसेल, कदाचित विषय आता उपयोगाचे नसतील. दोन्ही समजण्यासारखे आहे. खालीलपैकी एक निवडावे. उत्तर न आल्यास महिनाअखेरीस आम्ही पत्र थांबवू.’ त्याखाली ‘पाठवत राहा’ आणि ‘थांबवा’ ही सारख्याच आकाराची दोन बटणे दिली.

पत्र उघडले गेल्याची नोंद मी होकार मानली नाही, कारण ती नोंद पत्रातील चित्र उतरवले गेल्यावर होते, आणि २०२१ पासून ॲपलचे मेल ॲप वाचकाने पत्र न पाहताही त्यातील चित्रे आधीच उतरवून घेऊ शकते. काही कार्यालयांच्या सुरक्षाप्रणाली तर दुवेही स्वतःच उघडून तपासतात; म्हणून दोन्ही बटणांनंतरच्या पानावर पुष्टीची एक कळ ठेवली, लॉगिन मात्र कुठेही मागितले नाही.