लिमिट शिल्लक, तरी सीसी खात्यातून चेक परत

लक्षण: किराणा दुकानाचं सीसी म्हणजे कॅश क्रेडिट लिमिट १० लाख, उचल ७ लाख, तरी चेक 'अपुरी रक्कम' म्हणून परत. पैसे भरून पाहिले, तेही नुसतेच अडकले. वैताग आला.

खात्यातून लिमिटएवढी उचल मिळत नाही. लिमिट आणि डीपी, म्हणजे तारण मालावर ठरणारी ड्रॉइंग पॉवर, यांतली कमी असेल तेवढीच मिळते. म्हणून शाखेत शिल्लक न विचारता डीपीचा आकडा, त्याची तारीख आणि हिशेब मागितला. डीपी निघाली ४.५ लाख.

माल १४ लाखांचा, त्यातला ४ लाखांचा उधारीवर घेतलेला. बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये उधारी वजा करून १० लाख लिहिले होते आणि खाली पुरवठादारांचं देणं ४ लाख. बँकेने ते पुन्हा वजा केले: उरले ६ लाख, २५ टक्के मार्जिन, म्हणजे दुकानदाराचा स्वतःचा वाटा, जाऊन ४.५.

उपाय असा. महिनाअखेरचा पूर्ण माल खरेदी किमतीने १४ लाख लिहिला, खराब माल आधीच वगळून. ज्यांचं देणं आहे त्या पुरवठादारांची यादी खातेवहीशी जुळवून ४ लाख वेगळी दाखवली. सुधारित स्टेटमेंट सही-शिक्क्यासह देऊन पोच घेतली, आणि नवी डीपी ७.५ लाख सिस्टिममध्ये चढल्यावरच पुढचा चेक दिला.

तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवरची उचल अनियमित धरतात. ती अवस्था सलग ९० दिवस टिकली तर खातं एनपीए, म्हणजे थकीत, होतं, मग व्यवहार चालू असले तरी. लिमिटचं नूतनीकरण ठरल्या तारखेनंतर १८० दिवसांत झालं नाही, तरी तेच.