अल्ब्युमिन २.४ आणि माझी चुकलेली नोंद

डाएटिशियन म्हणून नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात सर्जरी वॉर्डातून एक रेफरन्स आला. चिठ्ठीवर एवढंच होतं: 'अल्ब्युमिन २.४, कुपोषण, हाय प्रोटीन डाएट द्यावे.' रुग्ण ४८ वर्षांचे गृहस्थ, वजन ७१ किलो. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता आणि ऑपरेशनला दोन दिवस झाले होते. अल्ब्युमिन म्हणजे यकृतात बनणारं, रक्तातलं मुख्य प्रथिन. मी मुकाट्याने 'प्रथिनांच्या कमतरतेमुळे अल्ब्युमिन कमी' असं लिहिलं. नातेवाइकांना अंड्याचा पांढरा भाग किती द्यायचा हेही सांगून टाकलं. रुग्णाच्या तोंडाने अजून पाणीसुद्धा सुरू नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी राउंडला आमच्या सीनियर मॅडमनी फाइल उलटी चाळली आणि भरती झाल्या दिवशीचा रिपोर्ट काढला. अल्ब्युमिन ४.१. म्हणाल्या, "दोन दिवसांत माणूस कुपोषित होतो का गं? हिशेब कर."

हिशेब सोपा आहे. अल्ब्युमिनचं अर्धआयुष्य साधारण २० दिवसांचं असतं. यकृताने अल्ब्युमिन बनवणं पूर्ण थांबवलं, अगदी शून्यावर आणलं, तरी दोन दिवसांत जेमतेम ७ टक्के घट होईल, म्हणजे ४.१चं ३.८ होईल. इथे तर आकडा २.४ होता. मग बाकीचं अल्ब्युमिन गेलं कुठे? संसर्गात केशवाहिन्या गळक्या होतात, आणि रक्तातलं अल्ब्युमिन बाहेर पेशींच्या मधल्या जागेत उतरतं. त्यात या रुग्णाला दोन दिवसांत चढवलेलं सलाईन आणि बाहेर पडलेली लघवी यांचा हिशेब ६ लिटरने अधिक होता. उरलेलं अल्ब्युमिन तेवढ्या पाण्यात पातळ झालं. वजन काट्यावर ७६ दाखवत होतं आणि पायावर बोट दाबलं की खड्डा पडत होता. शिवाय इंटरल्युकिन-६सारख्या रासायनिक संदेशांमुळे यकृत अल्ब्युमिन बनवणं कमी करून सीआरपी हे दाहात वाढणारं प्रथिन बनवायला लागतं. त्या दिवशी सीआरपी २८० होता. या तिन्ही कारणांमध्ये 'जेवण कमी पडलं' हे कुठेच नाही. पत्नीला विचारलं तर कळलं, पोट दुखायला लागेपर्यंत गडी दोन्ही वेळ व्यवस्थित जेवत होता आणि पॅंटचा पट्टा वर्षभर त्याच भोकात होता.

एवढं शिकूनही मी आठवड्याभरात पुन्हा फसले, आणि या वेळी प्रीअल्ब्युमिनने फसवलं. हेही यकृतातच बनणारं प्रथिन, पण त्याचं अर्धआयुष्य दोन-तीन दिवसांचंच असतं. त्यामुळे 'आजचं पोषण उद्या दाखवणारा आकडा' अशी त्याची ख्याती आहे, आणि कॉलेजच्या नोट्समध्येही तसंच होतं. याच रुग्णाचं प्रीअल्ब्युमिन ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी ७ होतं, नवव्या दिवशी १६ झालं. मी खूश होऊन लिहिलं: 'नळीवाटे आहाराला उत्तम प्रतिसाद.'

मॅडमनी फक्त नर्सिंगचा फीड चार्ट मागवला. गरज रोज साधारण १७७५ कॅलरींची ठरवली होती. कधी पोट फुगलं म्हणून, कधी सीटीला नेलं म्हणून फीड बंद ठेवलं जात होतं. प्रत्यक्षात पोचलेल्या आहाराची सात दिवसांची सरासरी निघाली ७००, म्हणजे गरजेच्या ४० टक्क्यांच्या आत. मग प्रीअल्ब्युमिन दुपटीवर कसं गेलं? पाचव्या दिवशी सोनोग्राफी करून पोटात ड्रेन टाकला होता, २०० मिलिलिटर पू निघाला, ताप उतरला आणि सीआरपी २८०वरून ७०वर आला. यकृताची सुटका झाली म्हणून प्रीअल्ब्युमिन वाढलं. मी आहाराला दिलेलं श्रेय खरं तर त्या ड्रेनचं होतं.

ही चूक निरुपद्रवी नाही. माझी नोंद वाचून कोणीही म्हणालं असतं की आहार पुरेसा पोचतोय, बदलायची गरज नाही. उलटंही घडतं. नवा संसर्ग झाला, प्रीअल्ब्युमिन घसरलं, की आहार कमी पडतोय समजून फीड वाढवतात आणि साखर ३००वर जाते. मूत्रपिंड निकामी असेल किंवा स्टिरॉइड चालू असेल तर हाच आकडा फुगलेला दिसतो. अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेन या पोषणविषयक संस्थेच्या २०२१मध्ये छापून आलेल्या भूमिकापत्रात हे स्पष्ट म्हटलंय: ही दोन्ही प्रथिनं दाह दाखवतात, पोषणाची मोजमापं म्हणून ती वापरू नयेत. कमी अल्ब्युमिनला अर्थच नाही असं मात्र नव्हे. असा रुग्ण जास्त आजारी असतो, त्याच्या गुंतागुंती वाढतात, म्हणून त्याच्याकडे आधी जायचं. निदान मात्र त्या आकड्यावरून करायचं नाही.

मॅडमनी त्या रुग्णाची नोंद माझ्याकडून पुन्हा लिहून घेतली. केसपेपरवर आपण इंग्रजीतच लिहितो, आशय असा होता:

'अल्ब्युमिन ४.१वरून दोन दिवसांत २.४, त्या वेळी सीआरपी २८०, द्रव ६ लिटरने अधिक, पायांवर सूज. ही घट दाह आणि द्रवामुळे. पोषणस्थितीचा निकष म्हणून धरलेली नाही. आजारापूर्वीचं वजन ७१ किलो, वर्षभर स्थिर. आजचं वजन सुजेमुळे ग्राह्य नाही. खांदे, कानशिलं, मांड्यांच्या तपासणीत स्नायूंची झीज नाही. सात दिवस आहार गरजेच्या ४० टक्क्यांहून कमी, तीव्र दाह. आज कुपोषणाचं निदान नाही, धोका जास्त. फीड थांबण्याची कारणं रोज नोंदवणे. प्रीअल्ब्युमिन पुन्हा पाठवण्याची गरज नाही.'

यात आकडा लपवलेला नाही, हे बघा. तो गाळला तर पुढचा रेसिडेंट तोच रिपोर्ट पाहून तोच रेफरन्स पाठवतो. आकडा, त्या दिवशीचा सीआरपी आणि द्रवाचा हिशेब एकाच ओळीत लिहा, मग निदानाचा आधार वेगळ्या वाक्यात. 'धोका जास्त' हेही मोघम नाही. कुपोषणाच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या ग्लिम या आंतरराष्ट्रीय निकषांत वजन किंवा स्नायू घटल्यासारखी एक शारीरिक खूण आणि कमी आहार किंवा दाह असं एक कारण, दोन्ही लागतात. यांच्याकडे कारणं दोन होती, खूण अजून एकही नव्हती. आणखी आठवडाभर असंच चाललं असतं तर स्नायूंची झीज दिसायला लागली असती.

त्याच मजल्यावर समोरच्या वॉर्डात ६४ वर्षांच्या एक आजी होत्या. अन्ननलिका अरुंद झालेली, तीन महिने फक्त पेज आणि चहा. वजन ५२वरून ४४, म्हणजे १५ टक्क्यांहून जास्त घट, कानशिलं खोल गेलेली, गळ्याची हाडं वर आलेली. ग्लिमप्रमाणे तीव्र कुपोषण. अल्ब्युमिन मात्र ३.८ आणि सीआरपी ४. दाह नसलेल्या उपासमारीत शरीर अल्ब्युमिन कमी बनवतं, पण कमी मोडतंही, आणि वाहिन्यांबाहेरचा साठा आत ओढून घेतं, त्यामुळे आकडा टिकून राहतो. म्हणूनच त्यांच्यासाठी रेफरन्स कोणी पाठवलाच नव्हता. मी दुसऱ्याच रुग्णाला शोधत गेले आणि त्या दिसल्या.

इतके दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फेट धोकादायकरीत्या घसरू शकतं, म्हणून आम्ही थायमिन देऊन रोज १० कॅलरी प्रतिकिलोने सावकाश सुरुवात केली आणि रोज फॉस्फेटचा रिपोर्ट मागवला. तिसऱ्या दिवशी फॉस्फेट ३.१वरून १.९वर आलं आणि शिरेतून भरून काढावं लागलं. त्या दिवशीही अल्ब्युमिन ३.७ होतं.