उताऱ्यावर खुणा करत वाचायला शिकवण्याचा तास: आदल्या दिवशी काय तयार ठेवावे

आठवीच्या वर्गात हा तास पहिल्यांदाच घ्यायचा असेल, तर सगळ्यात आधी उतारा ठरवा. दीडशे-दोनशे शब्द पुरेत. त्याहून लांब उतारा घेतला तर मुले खुणा उरकण्याच्या मागे लागतात आणि समासात स्वतःचे प्रश्न लिहिण्यापर्यंत पोहोचतच नाहीत. उतारा माहितीपर असावा. त्यात मुलांना आधीच ठाऊक असलेले थोडे हवे, नवे थोडे हवे, आणि एक तरी जागा अशी हवी की जिथे दोन वाक्ये शेजारी ठेवली की कोडे पडते. ही जागा नसेल तर समासात लिहिण्याजोगे काही निघत नाही, मग शिक्षकाने कितीही सांगितले तरी मुले 'कोण, कुठे, कधी' यावरच थांबतात.

उदाहरणासाठी लोणारवरच्या उताऱ्यातला हा भाग घेऊ. (1) बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर बेसाल्ट खडकावर उल्का आदळून झालेल्या विवरात आहे. (2) या विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. (3) काठावरून गोड्या पाण्याचे झरे आत उतरतात. (4) सरोवराचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. (5) सरोवरातून पाणी बाहेर पडायला वाट नाही. (6) जून 2020 मध्ये पाणी कमी झाले, क्षारांचे प्रमाण वाढले आणि सरोवर गुलाबी दिसू लागले. (7) तपासणीत पाण्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीव आढळले.

चौथ्या वाक्यात 'मात्र' हा शब्द सहज आला असता. तो मुद्दाम टाळला आहे. 'मात्र', 'तरीही', 'म्हणूनच' हे शब्द वाक्यांची सांधेजोड वाचकासाठी करून टाकतात, आणि या तासात ती जोड मुलांनी करायची आहे. तुमच्या उताऱ्यात असे शब्द असतील तर एक-दोन ठिकाणचे काढून टाका.

आता कागद. ए-फोर आकार, एकाच बाजूला छपाई, अक्षर 14 पॉइंटचे, उजवीकडे किमान सहा सेंटिमीटर समास आणि दोन ओळींत दुप्पट अंतर. या अंतरावर तडजोड करू नका. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे दाट छापलेल्या ओळीत 'सूक्ष्मजीव' या शब्दाभोवती गोल काढला की तो वरच्या-खालच्या ओळींतल्या अक्षरांना कापतो. मुलाला स्वतःचीच खूण वाचता येत नाही आणि पुढच्या वेळी तो ती करत नाही. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला कंसात क्रमांक घाला. समासातला प्रश्न कोणत्या वाक्याचा, हे त्यावरूनच कळणार आहे.

प्रत्येकाकडे टोक केलेली पेन्सिल आणि खोडरबर असेल एवढे पाहा. रंगीत हायलायटर या तासापुरते दप्तरातच राहू द्या. रंग हाती आला की मुले ओळीच्या ओळी रंगवतात, आणि एकदा रंगवलेले पुसता येत नाही. दुसऱ्या वाचनात मत बदलून खूण पुसणे हा तर या कामातला महत्त्वाचा भाग आहे.

खुणा चारच ठेवा. आधीच माहीत असलेल्या गोष्टीला ✓, कळले नाही तिथे ?, अनोळखी शब्दाभोवती गोल, आणि कारणाकडून परिणामाकडे →. वॉन आणि एस्टेस यांनी 1986 मध्ये मांडलेल्या, वाचताना खुणा करण्याच्या प्रसिद्ध पद्धतीत बाण नव्हता. विज्ञान-भूगोलाच्या उताऱ्यांत बाण फार कामाचा, म्हणून तो इथे घेतला आहे. अधोरेखन पहिल्या तासाला नको. 'महत्त्वाचे तेवढे अधोरेखित करा' म्हटले की परीक्षेला येईल असे वाटणारे सगळेच महत्त्वाचे ठरते आणि परिच्छेदाखाली सलग रेघ जाते.

उताऱ्याची एक प्रत स्वतः खुणा करून तयार ठेवा. ती उत्तरपत्रिका नव्हे. मुले कुठे अडतील याचा तो तुमचा अंदाज. वरच्या भागात पहिल्या वाक्याला बऱ्याच जणांची ✓ येईल. 'अल्कधर्मी' आणि 'क्षारप्रिय' यांना गोल पडतील. सहाव्या वाक्यात पाणी कमी होण्याकडून क्षार वाढण्याकडे बाण जाईल. सातव्यापाशी ? अपेक्षित आहे, कारण सूक्ष्मजीवांचा गुलाबी रंगाशी काय संबंध हे उताऱ्यात सांगितलेलेच नाही. तिथे कोणीच ? केले नाही, तर मुले शब्द वाचत आहेत, आशय तपासत नाहीत, असे समजा.

समासातल्या प्रश्नासाठी फळ्यावर एकच नियम लिहून ठेवा: प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यात सापडता कामा नये. 'लोणार कोणत्या जिल्ह्यात आहे?' हा प्रश्न या नियमाने लगेच बाद होतो. मुले असे प्रश्न लिहितात, कारण स्वाध्यायात त्यांनी तेच पाहिलेले असतात. त्याऐवजी दोन वाक्यांचे क्रमांक लिहून मध्ये 'तरी' घालायला सांगा. '3 आणि 4: गोडे पाणी येत राहते, तरी सरोवर खारट का?' हा प्रश्न झाला की पाचव्या वाक्याला एकदम वजन येते. पाणी बाहेर जात नाही. ते फक्त वाफ होऊन उडते. झऱ्यांबरोबर आलेले थोडे थोडे क्षार मागे साचत जातात. वाफेची गोष्ट उताऱ्यात नाही, ती मुलांनी विज्ञानाच्या तासातून आणायची. उताऱ्यात अर्धे उत्तर असलेला प्रश्न म्हणजे चांगला प्रश्न, एवढी कसोटी मुलांना पुरते.

पहिली तीन-चार वाक्ये फळ्यावर आधीच लिहून ठेवा आणि समासाची रेघ वेगळ्या रंगाच्या खडूने आखा. तासाला तुम्ही मोठ्याने विचार करत याच वाक्यांवर खुणा करणार आहात. निदान एक ? तुमचा स्वतःचा आणि खरा असू द्या. शिक्षकाने फक्त माहीत असलेल्या गोष्टींवर खुणा केल्या, तर ? म्हणजे कमीपणा असे मुलांच्या मनात बसते आणि कागदांवर निव्वळ ✓ दिसतात. कागदाला गुण नाहीत, हेही त्याच वेळी सांगा.

चाळीस मिनिटांची आखणी अशी: फळ्यावरचे प्रात्यक्षिक आठ मिनिटे, पेन्सिल खाली ठेवून पहिले वाचन तीन मिनिटे, खुणांसह दुसरे वाचन सात, समासात दोन प्रश्न लिहायला आठ, शेजाऱ्याशी कागद बदलून बोलायला सहा, उरलेला वेळ वर्गाने मिळून दोन-तीन प्रश्न सोडवायला. वेळ अपुरा पडला तर प्रात्यक्षिक आटोपते घ्या, पण पहिले वाचन गाळू नका. ते गाळले की खुणा पहिल्या दोन-तीन वाक्यांवर दाटतात आणि खाली कागद कोरा राहतो, कारण पुढे काय आहे हे माहीत नसताना मुलांना प्रत्येकच गोष्ट खुणेजोगी वाटते.

झेरॉक्सची सोय नसेल किंवा पाठ्यपुस्तक वर्षअखेर परत द्यायचे असेल, तर कोऱ्या कागदाच्या सहा सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापून ठेवा. पट्टी पुस्तकाच्या पानाशेजारी लावायची, वाक्यांचे क्रमांक तिच्यावर उतरवायचे आणि खुणा व प्रश्न क्रमांकासमोर लिहायचे. गोल करण्याऐवजी मुलाने तो शब्दच पट्टीवर लिहावा. पट्टीच्या मागे पाठाचे नाव आणि पानाचा क्रमांक घालायला सांगा, नाहीतर आठवड्याने ती कुठली हे कळत नाही.

तास संपल्यावर कागद गोळा करून त्यांचे तीन गठ्ठे करा: प्रश्नच नाही, उत्तर त्याच वाक्यात आहे, आणि दोन वाक्ये जोडली आहेत. दुसरा गठ्ठा सर्वांत मोठा निघाला तर पुढच्या तासाला नवा उतारा आणू नका. त्याच गठ्ठ्यातले तीन प्रश्न नावे न सांगता फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाला आणखी एका वाक्याचा क्रमांक जोडून तो पुन्हा लिहायला लावा.